कात्रीबाईंनी पहिली ओळ खोडली ती

गादीच्या कंपनीत जाहिरात बघणाऱ्या बाईंना सगळे मागून कात्रीबाई म्हणायचे, आणि हे बाईंना ठाऊक होतं. वाईट वाटणं दूरच, त्यांना त्याचा अभिमानच होता. दर मंदीला पैसे कापायची वेळ आली की मालक त्यांनाच हाक मारत. बाकीच्यांची छाती होत नसे. बाई मात्र सरळ विचारायच्या, "तुमची ही जाहिरात बघून एक तरी गादी विकली गेली का हो?" आणि ती ओळ खोडून मोकळ्या व्हायच्या.

बाईंना माणसं आवडत नसत असं नाही, पण बिनडोक माणसं आवडत नसत, आणि त्यांच्या मते ऑफिसात दुसऱ्या प्रकारची नव्हतीच. मालक रोज ज्या चौकातून येत तिथे त्यांनी कंपनीचा भला मोठा फलक लावला होता. तो दिसला की धंदा चाललाय असं त्यांना वाटायचं! विक्री बघणारा मालकांचा जावई. त्याला वर्तमानपत्रात पानभर जाहिरात हवी असायची, कारण ती त्याचे मित्र बघायचे. आणि तिसरे पाठदुखीवाले काका.

या काकांवर बाईंचा खास राग. वीस वर्षं दुकानात गाद्या विकलेला माणूस, गुडघे गेले म्हणून ऑफिसात आणून बसवलेला. लोक मोबाइलवर 'सकाळी उठल्यावर कंबर का दुखते' असलं काहीतरी शोधतात, त्यांच्यासमोर येणाऱ्या जाहिराती काका लिहायचे. जाहिरात कसली, गप्पाच. 'आधी गादी उलटी करून झोपून बघा, नवी घ्यायची घाई करू नका.' बाईंनी ती ओळ वाचली तेव्हा कपाळाला हात लावला होता. गादी विकायला बसलाय की समाजसेवा करायला? काकांचा करार दर तिमाहीला नवा व्हायचा आणि तो त्या एका मोहिमेवर चालायचा. मोहीम गेली की काका घरी.

यंदा तिमाही थंड गेली. मालकांनी सांगितलं, "जाहिरातीच्या नव्वद लाखांतले तीस कापा. सोमवारी यादी घेऊन या. आधी काय वाचवायचं, तेही लिहा."

काय वाचवायचं हे बाईंना विचार करायचीही गरज नव्हती. त्यांची स्वतःची मोहीम! कोणी कंपनीचं नाव टाकून शोधलं की सगळ्यात वर त्यांची जाहिरात झळकायची. सव्वीस लाखांची. अहवालानुसार तिच्याइतक्या कमी खर्चात ऑर्डर दुसरी कोणतीच मोहीम आणत नसे. त्या आकड्यांवर बाईंना चार वर्षांत दोन बढत्या मिळाल्या होत्या, आणि त्याचा टेंभा त्या चारचौघांत मिरवायच्या. मालकांच्या फलकाचा करार वर्षअखेरपर्यंतचा, बंद केला तरी पैसे सुटायचे नाहीत, म्हणून त्याला हात लावण्यात अर्थ नव्हता. रेडिओ नव्या तीन गावांतल्या दुकानांसाठी होता, तिथे कंपनीला अजून कुणी ओळखतही नव्हतं, तो ठेवावा लागणार. शुक्रवारी सकाळी बाईंनी यादी केली. खोडायच्या ओळींत पहिली पाठदुखीची. चोवीस लाख. वर्तमानपत्राच्या खर्चातले सहा धरले की झाले तीस. पाच मिनिटांत काम फत्ते.

त्याच दुपारी त्या बिलं जुळवायला हिशेबनीस बाईंकडे गेल्या. या बाई फारसं बोलत नसत. आज मात्र त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

"मागच्या महिन्यात तुमची नावाची जाहिरात मुद्दाम बंद ठेवली होती का?"

"बंद? कशाला ठेवू?"

"तीन तारखेपासून तेरापर्यंत बिल शून्य आहे. ज्या कार्डावरून पैसे जातात त्याची मुदत संपली होती, म्हणून जाहिरात आपोआप थांबली. सूचना गेली नोकरी सोडून गेलेल्या जुन्या मॅनेजरच्या पत्त्यावर. चौदाला मीच नवं कार्ड घातलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

कात्रीबाई जागेवर आल्या आणि त्यांनी ऑर्डरींचा तक्ता उघडला. अकरा दिवस. त्यांची लाडकी मोहीम अकरा दिवस मेलेली, आणि ऑर्डरी? आधीच्या अकरा दिवसांइतक्याच. नंतरच्या अकरा दिवसांइतक्याच. कुणाला पत्ताच नव्हता. त्यांना स्वतःलासुद्धा!

घरी जेवताना त्यांनी सासऱ्यांना सगळं सांगितलं. सासऱ्यांचं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलेलं.

"नाव टाकून शोधणारा माणूस तुमच्याकडेच यायला निघालेला असतो ना?" सासरे म्हणाले.

"हो. जाहिरातीच्या खाली आमची फुकटची ओळ असतेच. तो तिच्यावर बोट ठेवून आला असता."

"मग दारात उभं राहून 'या, या' म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक आणल्याचं बक्षीस देताय तुम्ही. चार वर्षं?"

म्हातारा टोमणा मारत नव्हता, खरंच विचारत होता, आणि तेच जास्त झोंबलं.

मग त्यांनी शनिवार-रविवार खर्ची घातला आणि काकांची मोहीम पहिल्यांदा नीट तपासली. तिथून येणाऱ्या दहांतल्या आठ जणांनी कंपनीचं नाव आधी ऐकलेलंच नव्हतं. ते लगेच घेत नसत. वाचत, जात, महिना-दीड महिन्याने परत येत, आणि येताना कंपनीचं नाव टाकून येत. म्हणजे माणूस आणायचे काका आणि अहवालात नाव लागायचं बाईंचं. पाठदुखी बंद केली असती तर या तिमाहीत काहीच कळलं नसतं, पुढच्या तिमाहीत मात्र दुकानं ओस पडली असती. तेव्हाही बाईंनी दोष मंदीलाच दिला असता, यात त्यांना शंका राहिली नाही.

एक सोपी वाट होती. अकरा दिवसांची गोष्ट हिशेबनीस बाई सोडून कुणाला माहीत नव्हती, आणि त्या तर गप्पच राहणाऱ्या. शुक्रवारची यादी तशीच द्यायची की झालं. काकांना घरी बसवायचं, एवढंच. इतकी वर्षं दुसऱ्यांना भित्रे म्हणून हिणवणारी बाई रविवारी दोनदा ती जुनी यादी छापायला निघाली होती.

सोमवारी मालक, जावई, काका सगळे बसले. बाईंनी कागद ठेवला. "नावाच्या जाहिरातीतले बावीस कापा. चार ठेवा, काही गावांत आपलं नाव शोधलं की दुसऱ्या कंपन्यांच्या जाहिराती आधी दिसतात, तेवढ्यापुरते. वर्तमानपत्राच्या खर्चातले आठ कापा. पाठदुखीला हात लावायचा नाही. ती सगळ्यात आधी वाचवायची."

"पण तुमचीच तर सगळ्यात स्वस्त!" मालक म्हणाले.

बाईंनी अकरा दिवस सांगितले. काही लपवलं नाही. जावई असा हसला की जणू त्याला लॉटरी लागली. "म्हणजे जे येणारच होते त्या लोकांसाठी चार वर्षं आपण यांना पैसे आणि बढत्या दिल्या?"

"हो," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या पानभर जाहिरातीचं तर तेवढंही मोजलेलं नाही."

मालकांनी कागद पुन्हा वाचला, सही केली आणि म्हणाले, "पुढच्या तिमाहीपासून खर्च कुठे करायचा ते काका ठरवतील. तुम्ही त्यांना विचारून चालायचं." आणि ते उठून गेले.

खोलीत दोघंच उरले. काकांनी टेबलाखालून गुडघा चोळला. त्यांनी आभार मानले असते तर बाईंना बरं वाटलं असतं, पण ते मानण्यातले नव्हते.

"बाई, शुक्रवारी तुमच्या टेबलावर एक यादी होती म्हणतात. तीत पहिली ओळ माझी खोडली होती?"

"हो."

"आकडे बघून?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "नाही," त्या म्हणाल्या. "आकडे उघडलेच नव्हते. ती तुमची होती म्हणून खोडली."

काकांनी मान हलवली. मग त्यांनी खुर्ची थोडी सरकवली, वही पुढे ओढली आणि म्हणाले, "बसा. आता आकडे उघडा."