चारीकाठचा माग

दादा फाटकातून आत आला तेव्हा डाव्या हाताला मफलर गुंडाळलेला होता आणि चष्मा नव्हता. डिसेंबरातलं दाट धुकं होतं. आनंद नगरच्या मागे, रायसेन रोडच्या अंगाला अजून थोडी शेती शिल्लक आहे. तिथल्या गव्हाच्या बांधावरून तो रोज फिरायला जायचा.

"काही नाही गं, कुत्रं चावलं," तो म्हणाला. "कोपऱ्यावरची तांबडी कुत्री."

वहिनीने मफलर सोडवला. मनगटाच्या वर दातांच्या दोन खोल खुणा होत्या, त्यांतून रक्त येत होतं. मी त्याला ओढतच मोरीत नेलं, नळ सोडला आणि साबणाने हात धुवायला लागले. तो ओरडत होता, "पुरे, पुरे," आणि मी थांबत नव्हते. वहिनी घड्याळाकडे बघत म्हणत होती, "अजून धुवा, पंधरा मिनिटं तरी धुवायचं असतं."

"पट्टी बांध आणि चहा टाक," दादा म्हणाला. "त्या कुत्रीला इंजेक्शन दिलेलं आहे. शेजारीणच देते दरवर्षी, तिच्या गळ्यात पट्टा नाही का?"

"तू तिला पाहिलंस?"

"पाहिलं म्हणजे... धुक्यात मागून आलं. मी वळलो तर चष्मा पडला. तांबूस होतं. दुसरं कोण असणार?"

"भुंकली का?"

"नाही. आवाजच केला नाही."

मला शंका आली ती इथे. गल्लीतली कुत्री ओळखीच्या माणसाला मुकाट येऊन चावत नाही.

माझं काम सांगायला हवं. मी एका वन्यजीव सर्वेक्षणात कंत्राटी नोकरी करते. जंगलातले रक्षक चिखलातल्या पावलांचे फोटो पाठवतात आणि मी ते कुणाचे हे ठरवते. बिबट्या, वाघ ही चैन क्वचित. बहुतेक वेळा प्रश्न असा असतो, की हे गावचं कुत्रं, की कोल्हा, की रानमांजर, की उदमांजर. घरात सगळे हसायचे, की हिला पायांचे फोटो बघायचा पगार मिळतो.

दादाबरोबर रोज फिरणारे एक मित्र आहेत, मूळचे ग्वाल्हेरचे, दादासारखेच कारखान्यातून निवृत्त. त्या दिवशी त्यांना निघायला उशीर झाला होता. मी त्यांना फोन लावला.

"भाऊ, पाण्याच्या चारीजवळ दादाला चावलंय. तिथे चिखल आहे. कुणी तुडवायच्या आत फोटो काढता का? पण हातात काठी घ्या, आणि काही दिसलं तर सरळ माघारी या."

"अभी जातो ताई, बस पाचच मिनिटं."

दवाखान्यात निघेपर्यंत गल्लीत आरडाओरड सुरू झाली होती. चार-पाच माणसं काठ्या घेऊन कोपऱ्यावर उभी होती आणि शेजारणीने तांबड्या कुत्रीला आपल्या न्हाणीघरात कोंडून बाहेरून दार अडवलं होतं. ती मला बघून रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, ही रात्रभर माझ्या ओसरीत बांधलेली होती. सांगा ना यांना!"

"तिला हात लावू नका," मी त्या माणसांना म्हटलं. "तीच चावली असेल तर ती जिवंत हवी. दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवायचं असतं. मारलीत तर काहीच कळणार नाही." ते दारापासून मागे सरले, पण काठ्या कुणी टाकल्या नाहीत.

सरकारी इस्पितळाच्या रांगेत बसलो आणि फोन वाजला. पहिले तीन फोटो आले. तिरपे काढलेले, फ्लॅश मारलेले, सगळा चिखल पांढरा फटक. मी भाऊंना सांगितलं, "वरून, सरळ काढा. फ्लॅश नको. ठशाच्या बाजूला एक नाणं ठेवा. ठशावर सावली नको."

पुढचे फोटो बरे आले. त्या एवढ्याशा चिखलात सगळा मोहल्ला येऊन गेला होता. एक छोटा, गोल ठसा, नख्यांची खूण नाही, तळव्याच्या गादीच्या मागल्या कडेला तीन गोल फुगवटे. मांजर, आणि आकारावरून घरचंच. दुसरा त्याहून लहान, पाच बोटांचा आणि नख्या बोटांच्या पुढे लांब उमटलेल्या. मुंगूस. मांजर आणि कुत्रा चारच बोटं टेकवतात, त्यामुळे ते वेगळं काढायला वेळ लागला नाही. मग कुत्र्याचे मोठे ठसे, पसरलेले, बोथट नख्यांचे, पण त्यांच्यावर दादाच्या बुटाची नक्षी उमटली होती. म्हणजे ते कुत्रं दादाच्या आधी येऊन गेलं होतं.

आणि एक ठसा बुटाच्या ठशावर होता. टाचेच्या कडेचा चिखल दाबून बसवलेला. हाच तो.

मी फोटो मोठा केला. चार बोटं, नख्या, लांबट गादी. पण जनावर धावत आलेलं होतं. धावताना बोटं फाकतात, नख्या खोल रुततात, चिखल पुढे ढकलला जातो. अशा ठशात कोल्हा कुत्र्यासारखा दिसतो आणि कुत्रा कशासारखाही. नाण्याशी ताडून पाहिलं तर आकार दोघांनाही चालेल असा होता. कोल्हा म्हटलं आणि चुकले, तर कुत्रीवर कुणी लक्ष ठेवणार नाही. कुत्रा म्हटलं आणि चुकले, तर एक पिसाळलेला कोल्हा वस्तीभोवती मोकळा फिरत राहील.

"भाऊ, हा धावतानाचा आहे. मला चालतानाचा हवा. ठशांच्या मागे जा जरा, बांधाकडे."

"हो, जातो."

दादा आमचं बोलणं ऐकत होता. "तू आता माझ्या हातापेक्षा त्या चिखलाचीच काळजी कर," तो म्हणाला. "चावली ती कुत्रीच. एक सुई घेतो आणि घरी जाऊ. जखमेत टोचायची ती दुसरी नको."

आमचा नंबर लागला. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी जखमेकडे पाहिलं, माझ्या फोनकडे नाही. "रक्त आलंय, दात खोल गेलेत. कुत्रा असो, कोल्हा असो, लस आजच आणि सीरम जखमेत आजच. ठसे तुम्ही जंगलखात्याला दाखवा, मला नको."

मला त्यांचा आधारच वाटला. दादा मात्र खुर्चीतून उठला. "मी संमतीच्या कागदावर सही करत नाही. लसवाल्या कुत्रीसाठी एवढं कशाला?"

तेवढ्यात फोटो आला. बांधावरचा, ओल्या गाळातला, अगदी स्वच्छ. जनावर सावकाश चाललं होतं. ठसा अरुंद, मधली दोन बोटं एकमेकांना चिकटून पुढे आलेली. मी आणखी मोठा केला. त्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या होत्या, मध्ये चिखलाची रेघच नव्हती. कुत्र्याची बोटं अशी जोडलेली नसतात. कोल्ह्याची असतात.

"दादा, हे बघ. कुत्री नाही. कोल्हा आहे."

त्याने चष्म्याशिवाय डोळे बारीक करून पाहिलं. त्याला काय दिसलं कोण जाणे, पण माझा चेहरा त्याने पाहिला असणार. तो खाली बसला आणि हात पुढे केला.

सुई जखमेत जाताना त्याने माझं बोट इतकं आवळलं की ते दुखत होतं. आणि मी त्याच वेळी दुसऱ्या हातातल्या फोनवर पुढचा फोटो बघत होते. त्यात ठसे सरळ रेषेत नव्हते. कोल्हा चालला की एका पाठोपाठ एक पाऊल पडत जातं, दोरी ताणल्यासारखं. हे पाऊल डावीकडे जात होतं, भोवऱ्यासारखं वळत होतं, चारीत घसरत होतं. आणि ठशाच्या कडा ताज्या होत्या, पाणी अजून आत झिरपत होतं.

भाऊ त्या जनावराच्या आलेल्या वाटेने नव्हे, गेलेल्या वाटेने चालले होते. "ठशांच्या मागे जा," मी म्हटलं होतं. मला म्हणायचं होतं उलटं, जिकडून आलं तिकडे. त्यांनी ऐकलं, पाठलाग करा.

मी फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. वाजत राहिली.

व्हरांड्यात जाऊन मी जंगलखात्याच्या बचाव पथकाला कळवलं, फोटो पाठवले, जागा सांगितली. आमच्या कामामुळे तिथले एक अधिकारी मला ओळखायचे. त्यांनी उलट काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "त्या गृहस्थांना परत बोलवा."

"उचलत नाहीत," मी म्हटलं, आणि पुन्हा भाऊंचा नंबर लावला.

परत निघताना दादानेच रिक्षा घराऐवजी शेताकडच्या पंपघराकडे घ्यायला लावली. मित्र कुठे आहे हे त्याला कळलं होतं. पंपघराजवळ आम्ही उतरलो तेव्हा पथकाची जीप आधीच उभी होती. धुकं विरळ झालं होतं. शेतात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भाऊ काठी छातीशी धरून उभे होते. ट्रॉलीच्या चाकाजवळ कोल्हा पडला होता, तोंडातून लाळ, मागचे पाय ओढत. मध्येच उठून तो लोखंडाला चावायचा. भाऊंचा फोन खाली चिखलात वाजत होता, मीच लावलेला.

पथकातल्या लोकांनी जाळं टाकलं. मग भाऊंना खाली उतरवलं. दादाने चांगला हात पुढे करून त्यांना धरलं.

"चावला?" मी विचारलं.

"नहीं ताई. ट्रॉली होती म्हणून."

काम तिथे संपलं नव्हतं. पंपघराच्या पलीकडे वीटभट्टीवरच्या मजुरांच्या झोपड्या होत्या, आणि चारीपासून उलट पाहत गेलं तर माग तिकडून आला होता. पथकाबरोबर मी तिथे गेले. विचारलं तर सगळे म्हणाले, काही नाही. एका बाईने मात्र पाय साडीखाली घेतला. घोट्याजवळ हळद लावलेली होती.

"बिल्ली थी," ती म्हणाली. "कल शाम को. रोटी उठाने आई थी."

तिच्या चुलीपुढे राखेचा आणि पाण्याचा काला झाला होता. मांजराचे ठसे खरंच होते, गोल, बिननखांचे. पण त्यांच्या शेजारी, सरपणाच्या मोळीला लागून, तोच अरुंद ठसा होता, मधली बोटं जोडलेली. मी फोटो काढला आणि तिच्यासमोर उकिडवी बसले.

"बिल्ली भी आई होगी," मी तिला म्हटलं. "पर जिसने काटा, उसका पैर यह है। अभी चलो, गाड़ी खड़ी है।"

ती नवऱ्याकडे बघू लागली. तो म्हणाला, आज कामाचा खाडा होईल. मी काही बोलायच्या आत दादा पुढे आला, आपला टोचलेला, सुजलेला हात त्याच्यापुढे धरला आणि आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाला, "मैं भी नहीं ले रहा था।" नवरा तिला घेऊन जीपमध्ये बसला.

कोल्हा त्याच दुपारी मेला. नमुना तपासायला गेला आणि निकाल रेबीजचाच आला. तोवर दोघांच्याही पुढच्या सुया सुरू झाल्या होत्या. ती बाई आपली तारीख कधी विसरली नाही. दादाला वहिनीने विसरू दिलं नाही. कोल्ह्याचं कळल्यावर शेजारणीने तांबडीला न्हाणीघरातून बाहेर काढलं तेव्हा गल्लीत कुणाच्याच हातात काठी नव्हती.

आता दोघं ठीक आहेत. दादा आणि भाऊ फिरायला अशोका गार्डनकडच्या डांबरी रस्त्याने जातात. मी मात्र कामावर कुणाला "मागे जा" म्हणत नाही. "जिकडून आलं तिकडे," असं पूर्ण वाक्य बोलते, आणि समोरच्याकडून ते परत म्हणवून घेते.