प्रेमिलाबाईंचं मुरलेलं तेल

प्रेमिलाबाईंचे हात ही सगळ्या बोळाची मालमत्ता होती. सक्करदरा तलावामागच्या त्या वस्तीत कोणाची कंबर धरली, कोणाची मान आखडली, की तो डॉक्टरच्या आधी त्यांच्या ओसरीवर पालथा पडायचा. तिळाचं तेल कोमट करायचं, त्यात संत्र्याच्या सालीचं तेल थेंबथेंब सोडायचं, आणि मग पाठीवर असे अंगठे फिरवायचे की माणूस दुखण्यासोबत घरातली भांडणंही ओकून मोकळा व्हायचा. त्यामुळे बाईंना सगळ्यांचं सगळं ठाऊक असे, आणि त्यांच्याशी भांडायची कोणाची छाती नसे.

अपवाद एकच. वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ, सुहासिनी. तिनं जिन्याच्या तोंडाशीच आपलं मालिशचं दुकान मांडलं होतं, आरसा लावून, गाणी लावून. खालचं गिऱ्हाईक वर जाताना दिसलं की प्रेमिलाबाई अंगणात अशी चूळ थुंकत की वरपर्यंत ऐकू जावी. बाकी दोघींचं तेल मात्र एकच. काटोल रोडवरच्या मार्तंड तेलवाल्याच्या भट्टीतलं, संत्र्याच्या सालीचं.

सुहासिनी छोटी काळपट बाटली आणायची, ती महिन्यात संपायची. प्रेमिलाबाईंची बाटली मोठी, पांढऱ्या काचेची, पश्चिमेच्या खिडकीत ऐटीत उभी. ती कधी रिकामी झालीच नाही. अर्ध्याखाली आली की वरून नवं तेल ओतायचं. धुवायची नाही, तळ दाखवायचा नाही.

"विरजणाचं भांडं कोणी कोरडं करते का वं?" त्या म्हणत. "जुन्याच्या संगतीनं नवं लागते. तेल मुरलं पायजे."

बाटलीच्या तोंडाशी चिकट कड धरली होती. वासही पूर्वीसारखा संत्र्याचा राहिला नव्हता; रंगाच्या डब्याकडे झुकला होता. पण बाईंनी त्यालाच मुरणं म्हटलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. भांडायची छाती नव्हती ना!

मे महिन्यात त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग लाली, मग पाण्यानं भरलेले बारीक फोड, मग चिरा. बाईंनी घरचाच उपाय केला. त्याच बाटलीतलं तेल चांगलं चोळून लावलं. दुसऱ्या दिवशी हात असे सुजले की बांगडी हलेना. ओसरीवर पालथे पडलेले बोळातले म्हातारे मारोतराव मान वळवून ते हात बघून उठूनच बसले.

"आज राहू दे, बाई. माही कंबर आता बरी वाटून राहिली."

आणि जिन्याकडे गेले! बाईंनी पाहिलं. म्हाताऱ्याची कंबर बारा पायऱ्या चढून गेली.

त्या दिवशी बाईंच्या मनात चोर सापडला. वीस वर्षं काही झालं नाही, आता काहून झालं? बाटली खिडकीत असते. खिडकी जिन्याकडे उघडते. जिन्यावरून कोण जाते?

"काय मिसळलं वं माह्या तेलात?" त्यांनी अंगणात उभं राहून विचारलं. हळू नाही विचारलं, तलावापर्यंत विचारलं.

सुहासिनी कठड्यावर आली. "मी कायले मिसळू? तुमच्या बाटलीले तर माशीही बसत नाही."

"माहे हात गेले पायजे म्हणूनच तू टपून आहेस."

"तुमचे हात गेले तर गेले, जीभ तर शाबूत आहे ना!"

पुढचं लिहिण्यासारखं नाही. ऐकण्यासारखं होतं, म्हणून सगळे ऐकत उभे राहिले.

प्रेमिलाबाईंनी ठरवलं: सिद्धच करायचं. रामदासपेठेतल्या त्वचेच्या डॉक्टर मेघा यांच्याकडे त्या आपली बाटली घेऊन गेल्या. सोबत सुहासिनीचीही. ती तिनं जिन्यावरून खाली देताना म्हटलं होतं, "न्या. तपासा. पण परत आणा, आणि तोंड लहान करून आणा."

डॉक्टरांनी दोन्ही तेलं पातळ करून, आणखी काही तयार नमुन्यांसोबत, पाठीवर पट्ट्यांखाली चिकटवली. दोन दिवस पट्ट्या काढायच्या नाहीत, पाठ भिजवायची नाही, घामही टाळायचा. नागपूरच्या मे महिन्यात घाम टाळायचा! बाई कूलरसमोर पाठ करून बसल्या, आणि वरून सुहासिनी विचारत राहिली, "खाजवू का?"

पट्ट्या निघाल्या. आणखी दोन दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. सुहासिनीच्या तेलाची जागा साफ. प्रेमिलाबाईंच्या तेलाखाली लालबुंद, फोड आलेली चकती.

बाई खुर्चीतून उठल्याच. "पाहा! तिचं शुद्ध, माह्यात विष! आता लिहून द्या मले."

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "या तिसऱ्या जागेवरही तशीच चकती आहे. तिथे आम्ही हवेनं खराब झालेल्या सालीच्या तेलातलं द्रव्य लावलं होतं. ते कोणी मिसळत नाही. आपोआप बनतं. बाटली कशी ठेवता?"

बाईंनी अभिमानानं सांगितलं. खिडकी, ऊन, अर्धी बाटली, वरून नवं. विरजणासकट.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "ताजं तेल सहसा एवढं छळत नाही. हवा लागली की त्याचं दुसरंच काही बनतं, आणि तेच त्वचेला डिवचतं. ऊन, उजेड, अर्धी रिकामी बाटली, सगळे त्याला घाई करतात. तुम्ही तर दर वेळी नव्या तेलाला खराब झालेलं तेल लावत होता. विरजण खरंच लागलं, बाई."

"मग वीस वर्षं काहून नाही झालं?"

"त्वचा बराच काळ सोसते. मग एखाद्या दिवशी शरीर त्या द्रव्याची ओळख धरतं, आणि एकदा धरली की सोडत नाही. थोडंसं लागलं तरी आता पुन्हा उठेल. हात बरे होतील, पण संत्र्याचं तेल बंद. ताजंही. उघडलं की तेही बिघडू लागतं. वासाचे साबण, फरशीची औषधंही जपून."

बाई घरी आल्या. सुहासिनी पायरीवर बसूनच होती.

"काय निघालं?"

"तुही बाटली," बाई म्हणाल्या आणि ती पायरीवर ठेवून आत गेल्या. दार लावलं. आवाज करून लावलं.

माफी कोणी मागितली नाही. हात बरे झाले. आता बाई नुसत्या तिळाच्या तेलानं मालिश करतात. ज्यांना वास हवा ते वर जातात, आणि असे पुष्कळ आहेत. अंगणात चुळा वाढल्यात.

परवा सुहासिनी कठड्यावर दोन बाटल्या घेऊन बसली होती. गिऱ्हाईक वाढलं तशी तीही मोठी बाटली आणू लागली होती. जुनीच्या तळाशी बोटभर तेल उरलं होतं, टाकवत नव्हतं. नवीचं झाकण उघडून तिनं जुनी तिरपी केली.

खाली प्रेमिलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाहिलं. गप्प बसल्या असत्या तर पुरे होतं. एखाददुसरा उन्हाळा, आणि त्या आरशासमोरचे हातही सुजले असते. बाई सुपातला एक खडा बोटात धरून क्षणभर गप्प बसल्याही.

मग तो खडा नेमका कठड्यावर आदळला.

"ओतू नको, अवदसे! उरलेलं फेक! आन् लहान बाटली आण, भिकारीण कुठची!"

सुहासिनीचा हात थांबला. तिनं खाली पाहिलं, आपल्या बोटांकडे पाहिलं.

"खडा काहून मारला?" ती ओरडली.

पण जुनी बाटली तिनं नवीपासून दूर ठेवली. भांडण रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत चाललं.