सौम्य म्हणून धरलेली विडी
सुतारकाकांनी फिल्टरची सिगारेट सोडून विडी धरली, तेव्हा काकूंना हायसं वाटलं होतं. "पानातली असते, सौम्य," काका सांगायचे. परवा रंधा मारताना ठसका लागला आणि थुंकीत रक्त आलं. काकू त्यांना घेऊन तडक दवाखान्यात गेल्या.

छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विडीत तंबाखू कमी असते, पण पान नीट जळत नाही. ती विझू नये म्हणून तुम्ही जोरात, सारखे झुरके घेता. डांबर आणि विषारी वायू सिगारेटइतकेच, बहुधा जास्तच आत जातात."

"मग हातानं वळलेली सिगारेट?" काकांनी विचारलं.

"तीही तशीच घातक. आणि फिल्टरनंही कुणी वाचत नाही."

छातीच्या फोटोत फुप्फुसावर डाग दिसला. त्या डागाचा तुकडा कर्करोगासाठी तपासायला गेला आहे; निकाल फोनवर कळणार आहे. काकांनी विडी सोडली. पण फोन वाजला, की उचलायला दोघांपैकी कुणीच पुढे होत नाही.