हर्षालीचा डबा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या समोरच्या खोलीत श्रीगोंद्याकडचं एक कुटुंब राहायला आलं. नवरा कैलास, बोईसरच्या एमआयडीसीत बदली होऊन आलेला. बायको राहीबाई. आणि नववीतली मुलगी स्वरा. त्यांचं सामान जिना चढेपर्यंत मी फ्रिज केवढ्याला घेतला, सासू बरोबर का आली नाही, एवढं सगळं काढून घेतलं होतं. मुलीने मात्र नावापलीकडे मला काही दिलं नाही. अशी माणसं मला आवडत नाहीत. त्यांच्यावर फार मेहनत घ्यावी लागते.

वर्षाच्या मध्यावर शाळेत येणं म्हणजे पंगत अर्धी झाल्यावर येण्यासारखं. पानं मांडून झालेली असतात. कोणी उठ म्हणत नाही, पण सरकतही नाही. स्वराला वर्गात कोणी छळलं नाही; छळलं असतं तर निदान घरी सांगायला काही झालं असतं. फक्त एकदा मराठीच्या तासाला बाईंनी काही विचारलं आणि ही "व्हय" म्हणाली. मागून कोणीतरी हसलं. तेवढंच. त्यानंतर तिने हात वर करणं सोडलं, मग बोलणंच सोडलं.

मधल्या सुट्टीत ती पाण्याची बाटली घेऊन नळावर जायची. भरायची, थोडी ओतायची, परत भरायची. हातात बाटली असली की माणूस कुठेतरी निघाल्यासारखं दिसतं. डबा ती लायब्ररीच्या मागच्या पायरीवर खायची. जुन्या शाळेतल्या मैत्रिणींचा मोबाइलवर ग्रुप होता. सुरुवातीला तो दिवसभर वाजायचा. मग त्यात तिला न कळणारे विनोद येऊ लागले, कारण ते ती गेल्यानंतरचे होते. तिने काही लिहिलं की खाली अंगठे यायचे, उत्तर नाही. हे सगळं तिने मला पुढे थोडं थोडं करून सांगितलं. तेव्हा मला फक्त सकाळी पोट दुखतं म्हणून ती कण्हायची तेवढं ऐकू यायचं. आणि रविवारी ते पोट कधी दुखत नाही, हेही माझ्या कानाने टिपलं होतं.

राहीबाई बिचारी रोज दारातच विचारायची, "झाली का गं एखादी मैत्रीण?" मैत्रीण म्हणजे काय गॅसचा नंबर, की आज नाही तर उद्या लागेल? पण आईचा चेहरा बघवेना म्हणून पोरीने एक दिवस सांगून टाकलं, झाली. हर्षाली नाव. चिंचणीची आहे. खूप हसते.

हर्षाली खोटी नव्हती. तिच्या पुढच्याच बाकावर बसायची. खरंच खूप हसायची. फक्त स्वराशी तिचं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं.

राहीबाईने दुसऱ्या दिवसापासून एक डबा जास्तीचा भरला. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी हुलग्याचे शेंगोळे. स्वरा पायरीवर बसून दोन्ही डबे संपवायची. अन्न टाकायचं नाही हे रक्तातच. एकटेपणाने माणूस वाळतं म्हणतात. ही पोरगी गालाने भरत चालली. मी तिला विचारलंसुद्धा, बोईसरचं पाणी मानवलं वाटतं? ती बिचारी लाल झाली आणि मी माझ्या विनोदावर खूश झाले.

एके दिवशी राहीबाई आपल्या दारात बसून माझ्याकडे कुरकुरली. म्हणाली, मावशी, राग नका धरू, पण तुमच्या समुद्राकडच्या लोकांत पद्धत नाही का हो? एवढे दिवस डबा जातोय, रोज रिकामाच परत येतो.

माझं माहेर चिंचणी. मला मिरची झोंबली. मी म्हटलं, आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चार वांगी घालतात, नाहीतर चिमूटभर साखर. असली कसली गं ही हर्षाली? आत अभ्यासाला बसलेल्या स्वराचं पान उलटायचं थांबलं होतं.

दोन दिवसांनी डबा भरून आला. सुका जवळा, ती नखाएवढी कोळंबी. राहीबाई हरखली, मला वाटीभर घेऊन आली. मी बोटाने चाळला. खाली रेती, मध्ये खेकड्याची पिलं, एक शिंपलीचा तुकडा. चिंचणीची बाई असा न निवडलेला जवळा दुसऱ्याच्या घरी पाठवेल? त्याआधी ती नाक कापून पाठवेल. हा बोईसरच्या बाजारातून, ज्याला जवळ्यातलं काही कळत नाही अशा माणसाने आणलेला होता.

मी म्हणाले, "छान आहे गं." एवढं पोटात ठेवताना मला काय झालं असेल ते माझी ओळख असलेल्यांना कळेल.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना मी स्वराला गाठलं. थट्टा करायला तोंड उघडलं होतं, पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझा विनोद तिथेच विरला. तिने सगळं सांगितलं. रडली नाही, टॉवेलची घडी घालत, मोडत, परत घालत राहिली. शनिवारी पालकसभा होती. आई हर्षालीच्या आईला भेटून जवळ्याबद्दल आभार मानणार होती.

"मावशी, तुम्ही सांगा ना आईला, हर्षाली शाळा सोडून गेली म्हणून."

मी म्हटलं, सांगेन. खोटं बोलायला माझ्यासारखी दुसरी मिळणार नाही. पण मग सोमवारी आई दुसऱ्या मैत्रिणीचा डबा भरेल. आणि ती हर्षाली खरंच खूप हसते का गं?

"खूप."

"मग तिला हे ऐकव. हसायलाच लागेल तिला."

शुक्रवारी स्वरा नळावर गेली नाही. डबा हर्षालीच्या बाकावर ठेवला आणि म्हणाली, हा तुझा आहे. सगळं सांगितलं, एका दमात, खाली बघून. हर्षालीच्या मैत्रिणी एकमेकींकडे बघू लागल्या. हर्षालीने झाकण उघडलं, भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, खाल्ला.

"म्हंजे एवडे दिवस माजा डबा तूच खाल्लास?"

"व्हय," स्वराच्या तोंडून निसटलं. कोणीतरी हसलं. या वेळी स्वरासुद्धा.

शनिवारी राहीबाईने हर्षालीच्या आईचे दोन्ही हात धरले आणि जवळ्याचे आभार मानले. ती माउली बघतच राहिली. हर्षाली मधे पडली, "आई, मीच नेलेला. तुला इचारलं नाय." आईने सगळ्यांदेखत तिला झापलं, घरातला जवळा अजून निवडलेला नाय, तसाच दिलास, लाज नाय वाटली? हर्षालीने मुकाट्याने ऐकून घेतलं. आपल्या वाटची बोलणी कोणीतरी खातंय हे स्वरा बाजूला उभी राहून बघत होती.

म्हणून लगेच सगळं गोड झालं असं नाही. हर्षाली धरून त्या चौघी मैत्रिणी चिंचणीच्या रिक्षाने एकत्र येत-जात. रिक्षातल्या गप्पा स्वराला कळत नसत. काही दिवस ती परत पायरीवर जाऊन बसली. पण हर्षाली चौथ्या जणीला कोपराने सरकवायची आणि मागे वळून बघायची. रोज. गणिताची उदाहरणं स्वराकडून, खो-खोचा पाठलाग हर्षालीकडून, असं करत करत एकीचं दुसरीवाचून अडायला लागलं. आईला खरं काय ते स्वराने स्वतःच सांगितलं. त्या दिवसापासून राहीबाईने दारात विचारायचं बंद केलं.

फेब्रुवारीत स्वराला ताप आला. मी पेज घेऊन गेले होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून हर्षाली एवढ्या मोठ्याने बोलत होती की मला कान लावावा लागला नाही.

"का नाय आलीस गं? सांगून तरी राहायचं. आमी पाण्याला पण गेलो नाय, तुजी वाट बगत."

स्वरा गोधडीत उठून बसली. घसा बसलेला, तरी ओरडली, "माझ्या जागेवर कुणाला बसू देऊ नको."

मग ती पेज न संपवता भांडत राहिली, त्या जागेवरून. मी वाटी घेऊन तिथेच बसले. उठायला काही कारण नव्हतं, आणि असतं तरी उठले नसते.