दोन टिंबांचा पत्ता

कोल्हापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी संगणक विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे मी एकटीच. तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारी एक अरुंद खोली होती, त्यात सर्व्हर, एक पंखा आणि माझं टेबल. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली असतील. लॅबचे रिपोर्ट कागदाऐवजी पडद्यावर दिसायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

व्यवस्था साधी होती. वॉर्डातला माणूस ड्युटीवर आला की आपलं नाव आणि पासवर्ड टाकून विंडोज उघडायचा. मग रिपोर्टांचं पान उघडलं की तिथं पुन्हा काही विचारलं जायचं नाही. समोर कोण बसलंय ते विंडोज परस्पर सांगून टाकायचं. रिपोर्ट वाचला की खाली ‘पाहिला’ असं एक बटण होतं. ते दाबलं की दाबणाऱ्याचं नाव आणि वेळ कायमची नोंदली जायची. एखादा रिपोर्ट धोक्याचा असेल आणि अर्ध्या तासात कुणी ‘पाहिला’ केला नाही, तर लॅबवाले वॉर्डात फोन करायचे. तो नियम मीच लॅबच्या प्रमुखांबरोबर बसून ठरवला होता.

मग हातकणंगल्याला आमचं छोटं केंद्र सुरू झालं. तिथल्या मशीनना रिपोर्टांच्या पानाचं नुसतं ‘लॅब’ हे नाव सापडेना. म्हणून मी सर्व्हरचा पूर्ण पत्ता वापरायचं ठरवलं. लॅब, मग टिंब, मग हॉस्पिटलचं नाव, पुन्हा टिंब आणि शेवटचा शब्द. सगळीकडे एकच पत्ता असावा म्हणून एका शनिवारी मी प्रत्येक वॉर्डात जाऊन पडद्यावरचं पान उघडायचं जुनं चित्र काढून टाकलं आणि तिथं नव्या पत्त्याचं ठेवलं. हातकणंगल्याहून फोन आला, पान उघडलं म्हणून. मी खूश होऊन घरी गेले.

सोमवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या मेडिसिन वॉर्डातून इनचार्ज सिस्टरांचा फोन आला. पन्नाशीच्या, कुरुंदवाडकडच्या. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागे.

“मॅडम, हे तुमचं पान नाव इचारतंय.”

“तुमचं नेहमीचं टाका की सिस्टर.”

“टाकलं. उघडलं. बंद करून परत उघडलं तर परत इचारतंय. सकाळपास्नं धा वेळा झालं. मी काय नवीन आलीया व्हय हितं?”

मी वर गेले. खरंच, पान उघडायच्या आधी करडा चौकोन यायचा. वापरणाऱ्याचं नाव, पासवर्ड. नीट टाकलं की पान उघडायचं. चुकलं की पुन्हा तोच चौकोन, आणि तीनदा चुकलं की ‘परवानगी नाही’ असं पांढरं पान. मला वाटलं सर्व्हरवर काहीतरी बिघडलं. खाली येऊन सर्व्हर बंद-चालू केला, माझ्या मशीनवर पान उघडलं. काही न विचारता उघडलं. वर फोन केला, “झालं, बघा.” पाच मिनिटांत उलट फोन, “कशाचं झालंय? इचारतंयच.”

तो आठवडा मी नीट बसले नाही. वरून खाली, खालून वर. लोकांचे पासवर्ड बदलून दिले. त्यानं आणखी घोळ झाला. घाईत लोक चुकीचं टाकत, आणि पाचदा चुकलं की माझ्याच नियमानं त्यांचं खातं कुलूपबंद होई. मग त्यांना विंडोजही उघडता येईना. जेवायचा डबा उघडावा तर फोन. ट्रॅफिकमध्ये लुना थांबली तरी मनात तो करडा चौकोन.

गुरुवारी दुपारी वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांचं खातं असंच अडकलं. तरुण होते, आदल्या वर्षीच शिकून आलेले. काउंटरशी एका पेशंटचे नातेवाईक उभे होते, डॉक्टर घाईत होते. मी ते खातं खाली जाऊन सोडवणार होते, पण तोवर काम अडायला नको म्हणून बोलून गेले, “तेवढं सिस्टरांचं नाव टाका.” सिस्टरांनी एका चिठ्ठीवर आपलं नाव आणि पासवर्ड लिहून दिला. ती चिठ्ठी कुणीतरी पडद्याच्या कडेला चिकटवली. मी ती चिकटलेली पाहिली आणि काही बोलले नाही. उलट बरं वाटलं. फोन कमी झाले.

पुढच्या बुधवारी सिस्टर दुपारची रजा घेऊन हुपरीला गेल्या. भाचीचं लग्न ठरलं होतं, तिच्यासाठी चांदीचे पैंजण आणायचे होते. त्याच दुपारी वॉर्डातल्या एका निवृत्त शिक्षकांचा रिपोर्ट आला. पोटॅशियम फार वाढलेलं. अशा पेशंटचं हृदय केव्हाही बंद पडू शकतं. लॅबनं रिपोर्ट लाल करून पाठवला. दहा मिनिटांत त्यावर ‘पाहिला’ अशी नोंद पडली. म्हणून लॅबनं फोन केला नाही, आणि वॉर्डात कुणी काहीच केलं नाही. संध्याकाळच्या राउंडला हॉस्पिटलचे प्रमुख असलेल्या मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावरचे रिपोर्ट चाळता चाळता तो आकडा पाहिला आणि तिथंच ओरडले. मास्तर वाचले. दोन दिवस अतिदक्षता विभागात होते, मग घरी चालत गेले. पण नोंद काय म्हणत होती? रिपोर्ट पाहिला इनचार्ज सिस्टरांनी.

गुरुवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून नोंदीचा छापील कागद मागितला. “उद्या अकराला बैठक. सिस्टरांना नोटीस दिली आहे.”

“सर, त्या काल दुपारी रजेवर होत्या.”

“मग त्यांचं नाव कसं आलं?”

मी म्हणाले, “बघून सांगते.” कसं आलं ते मला माहीत होतं. ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

वॉर्डात गेले. सिस्टर औषधांच्या कपाटापाशी उभ्या होत्या. रडत नव्हत्या, पण चेहरा उतरला होता.

“सव्वीस वर्षं झाली मॅडम. एक शेरा न्हाय माझ्यावर. आणि मी तर हुपरीला गेलते.”

“मला माहीत आहे सिस्टर.”

“तुम्हाला म्हाईत हाय, कागदाला कुठं म्हाईत हाय?” मग एकदम म्हणाल्या, “एक सांगा. तुमच्या खोलीत हे पान कधीच का न्हाय इचारत? मी काल तुमच्याकडं आलते तवा बघितलं. आमच्यातच का इचारतंय?”

दहा दिवसांत हा प्रश्न मी स्वतःला नीट विचारलाच नव्हता. खाली पळाले. माझ्या मशीनवर मी पान उघडायचे ते सवयीनं, जुनं ‘लॅब’ एवढंच टाइप करून. ते नाव सर्व्हरवर अजून चालू होतं. आता नवा, टिंबांचा पत्ता टाकला. करडा चौकोन आला. नाव टाकून पान उघडलं आणि ब्राउझरच्या खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं ‘इंटरनेट’ लिहिलं होतं. पुन्हा नुसतं ‘लॅब’ टाकलं. तिथं आलं ‘लोकल इंट्रानेट’, म्हणजे हॉस्पिटलच्या आतलं जाळं.

पान तेच, सर्व्हर तोच. पण ब्राउझर पत्त्याकडे बघून ठरवत होता की हे घरचं की बाहेरचं. नावात टिंब नसलं तर घरचं, आणि घरच्यालाच तो विंडोजची ओळख परस्पर देत होता. टिंबं दिसली की बाहेरचं समजून ओळख देत नव्हता, माणसाला विचारत होता. त्याचं बरोबर होतं. बाहेरच्या कुठल्याही पानाला आपली ओळख आपोआप दिली तर कसं चालेल? हा पत्ता आपलाच आहे, हे त्याला सांगायचं काम माझं होतं.

माझ्या मशीनवर ब्राउझरच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन घरच्या पत्त्यांच्या यादीत नवा पत्ता घातला. ब्राउझर बंद करून उघडला. चौकोन आला नाही. तीच यादी सर्व्हरवरून सगळ्या मशीनना लागू केली. जो तो पुन्हा विंडोज उघडेल तेव्हा ती त्याच्यापर्यंत पोचणार होती. दहा दिवसांचं दुखणं, आणि उपाय अर्ध्या तासाचा. मला आनंद झाला नाही.

मग वॉर्डातल्या त्या मशीनची स्वतःची नोंद काढली. बुधवारी दुपारी विंडोज कुणाच्या नावानं उघडलेलं होतं? निवासी डॉक्टरांच्या. म्हणजे चौकोन आला नसता, तर ‘पाहिला’पुढे त्यांचंच नाव पडलं असतं.

त्यांना जिन्यात गाठलं. मी विचारल्यावर ते खाली बघू लागले.

“मीच होतो मॅडम. तीन रिपोर्ट एकदम उघडले होते. तेवढ्यात अपघात विभागातून बोलावणं आलं. खिडक्या बंद करायच्या म्हणून तिन्हींवर ‘पाहिला’ दाबलं आणि पळालो. लाल आहे हे दिसलंच नाही.”

“आणि नाव सिस्टरांचं?”

“चिठ्ठीवर तेच होतं. माझं खातं पुन्हा अडकेल अशी भीती वाटली. कालपासून झोप नाही. सांगायला येणार होतो.”

येणार होते की नव्हते, मला माहीत नाही. मी एवढंच म्हणाले, “उद्या अकराला आपण दोघांनीही सांगायचं.”

बैठकीला मोठे डॉक्टर, लॅबचे प्रमुख, सिस्टर आणि आम्ही दोघं. मी दोन्ही नोंदी टेबलावर ठेवल्या. पत्ता मी बदलला, त्यामुळे पान विचारायला लागलं, आणि दुसऱ्याचं नाव टाका हे पहिल्यांदा मीच म्हणाले, असं सांगितलं. निवासी डॉक्टरांनी आपला भाग सांगितला. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी धरून वाचल्या. मग त्यांनी नोटीस फाडली. निवासी डॉक्टरांना महिनाभर वरिष्ठांच्या देखरेखीखाली ठेवलं, मला लेखी समज दिली. लाल रिपोर्टला यापुढे बटण दाबलं असो वा नसो, लॅबनं फोन करायचाच, असंही तिथंच ठरलं. हा नियम मला आधीच सुचायला हवा होता.

बाहेर आल्यावर मी सिस्टरांची माफी मागितली. त्या फटकन म्हणाल्या, “माफी ऱ्हाऊ दे. पुन्हा कुणाला माझं नाव वापरायला सांगू नका, म्हंजे झालं.” आणि वॉर्डाकडे चालत्या झाल्या. महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मग एक दिवस स्वतःच खोलीत आल्या, मुलाला कुठला कोर्स लावावा ते विचारायला, आणि तासभर बसल्या.

त्या हॉस्पिटलात मी पुढं चार वर्षं होते. रोज सकाळी आल्या आल्या वॉर्डात जायचे, तिथल्या मशीनवर, तिथल्याच माणसाला पान उघडायला सांगायचे आणि त्याच्या मागं उभी राहून बघायचे. सिस्टर वैतागायच्या, “आता कशाला रोज?” पण माझ्या खोलीत सगळं ठीक दिसतंय, यावर माझा विश्वास उरला नव्हता.