‘दिलाकर रहेंगे’चं इंग्रजी

माझं हिंदी कच्चं होतं म्हणून ते वाक्य चुकलं, असं आमचे संपादक शेवटपर्यंत समजत राहिले. मी त्यांना तसं समजू दिलं. खरं काय ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या वाक्याचा अर्थ मला पक्का माहीत होता.

दुर्गजवळ पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. दिवसा मी एका ठेकेदाराच्या कचेरीत कारकून होतो. संध्याकाळी सायकलने दुर्गला जाऊन एका इंग्रजी पाक्षिकाचं भाषांतराचं काम करायचो. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरांमध्ये, मद्रासी, बंगाली, मल्याळी साहेब राहायला आले होते. हिंदी पत्रकं त्यांना वाचता येत नसत. म्हणून निवडणुकीत सगळ्या उमेदवारांची आश्वासनं शेजारी शेजारी, इंग्रजीत छापायची असं ठरलं.

संपादक तमिळ, निवृत्त हेडमास्तर. त्यांचा नियम एकच. ‘करेंगे’ असेल तर विल. ‘प्रयत्न करेंगे’ असेल तर विल ट्राय. ‘विचार करेंगे’ असेल तर विल कन्सिडर. “आपल्या कागदाला मत नाही,” ते म्हणायचे. “वचन एक पायरी वर चढवायचं नाही, एक पायरी खाली उतरवायचं नाही.”

एका पक्षाच्या पत्रकात होतं, बेघर झालेल्यांसाठी प्रयत्न केले जातील. ते मी जसंच्या तसं इंग्रजीत नेलं. दुसऱ्या उमेदवाराचं पत्रक पातळ गुलाबी कागदावर होतं. त्यात लिहिलं होतं, ‘जिन घरों की ज़मीन गई, उन में हर घर को एक नौकरी दिलाकर रहेंगे.’ म्हणजे मिळवून दिल्याशिवाय थांबणार नाही. नोकरी आपण देऊ असं तो म्हणत नव्हता, कारखान्याकडून मिळवून देऊ म्हणत होता. पण मिळवून देऊच.

त्या दिवसांत माझा साळा भंडाऱ्याहून येऊन आमच्याकडे राहिला होता. बायको रोज म्हणायची, “भाऊ कवाचा बसून आहे. साहेबाले बोला न जी.” कारखान्यातल्या एका साहेबाशी बोलणं झालंही होतं. आणि ‘हर घर को एक नौकरी’ हे जर इंग्रजीत ठळक छापून आलं, साहेब लोकांनी वाचलं, गावकऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं, तर बाहेरच्या माणसाची वाट बंद होणार, असं मला वाटलं. मी लिहिलं, ‘नोकऱ्या मिळवण्याचे प्रयत्न चालू ठेवू.’

संपादकांनी पेन्सिल त्या ओळीवर टेकवली. “हे ‘रहेंगे’ किती जोराचं?”

“सर, आमच्या नागपूरकडे ‘करून राहिलो’ म्हणजे काम चालू आहे. तसंच हे.”

“अच्छा. म्हणजे कंटिन्यू.” त्यांनी टिक केली. दोन्ही रकाने एकाच जोराचे दिसत होते. त्यांना ते फार आवडलं. “बघा, किती निष्पक्ष!” असं म्हणाले, आणि मी मान हलवली.

गुलाबी कागदवाला निवडून आला. आमच्याकडे दूध घालणाऱ्या म्हाताऱ्याची शेती कारखान्यात गेली होती. मुलगा हाताशी आलेला, त्याच्या नोकरीसाठी तो गावच्या चार माणसांबरोबर त्या उमेदवाराकडे गेला. उमेदवाराने आमचं पाक्षिक पुढे केलं. प्रयत्न चालू ठेवू म्हटलं होतं, साहेबांनीही तेच वाचलंय, आणि प्रयत्न चालूच आहेत, असं सांगून त्यांना वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा दूध मापून उठलाच नाही. पागोट्यातून त्याने गुलाबी कागद काढला. “बाबू, हमर कागज म तो ‘दिलाकर रहेंगे’ लिखे हे. अंगरेजी म दूसर बात हे कहिथें. तैं पढ़े-लिखे हस, बता. कोन कागज सही हे?”

आत साळा चहा पीत होता. सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं होतं.

“दोन्ही एकच आहे, बाबा,” मी हिंदीत म्हणालो.

“एकेच हे?”

“एकच.”

त्याने कागदाची घडी घातली. “त मोर समझे म गलती होइस,” म्हणाला, आणि कॅन उचलून गेला. त्याचा मुलगा पुढे कितीतरी वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली रेती उचलत होता. अधूनमधून दिसायचा, नमस्कार करायचा.

नंतर कुणीतरी संपादकांना ‘रहेंगे’चा अर्थ सांगितला. ते मला हसले. “तुमचं नागपुरी हिंदी!” मीही हसलो.

इंग्रजी बरोबर असतं तरी त्या मुलाला नोकरी मिळालीच असती असं मी म्हणत नाही. पण म्हाताऱ्याकडे भांडायला तेवढं एक वाक्य होतं. ते मी काढून घेतलं, आणि चूक त्याच्या समजुतीची ठरवली. तो आता नाही. मुलगा रिसालीला राहतो. तुझ्या बापाला बरोबर समजलं होतं, खोटं मी बोललो, एवढं मी त्याला सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.