उलटे वाचलेले रकाने

सहदेव तायडे बुलढाण्यातल्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक होता. हात चालवावा, डोकं चालवू नये, असा तिथला रिवाज. १९६२ सालच्या उन्हाळ्यापर्यंत त्यानं तो निमूट पाळला, याचीच त्याला पुढे शिसारी आली.

त्या उन्हाळ्यात पटकीच्या भीतीनं गावोगावच्या विहिरी तपासल्या गेल्या. तपासणीच्या छापील तक्त्यात एकेका विहिरीपुढे पाच अरुंद रकाने आणि त्यांतल्या एकात खूण. मथळे मावेनात म्हणून उभे छापलेले. टाइपरायटरवर उभं कुठून छापणार? म्हणून हेडक्लार्क महादेवराव तक्ता वाचून एकेका विहिरीचा मजकूर लिहून काढत आणि सहदेव तो टाइप करी. मूळ तक्ता त्यानं कधी मागितलाच नाही.

एका दुपारी धामणगाव बढ्याहून त्याची बहीण चांगुणा रडवेली होऊन आली.

"दादा, आमची विहीर काऊन बंद केली रे? तिचं पानी तं चांगलं होतं! अन् त्या घाण विहिरीचं पानी प्या म्हणून राह्यले. सासूले कालपासून जुलाब लागले."

तो हुकूम सहदेवनंच टाइप केला होता. त्यानं मूळ तक्ता काढला. जुन्या तक्त्यांत मथळे खालून वर छापलेले असत. कागद उजवीकडे फिरवला की डावा रकाना सगळ्यात वर येई आणि यादी सरळ उतरे. या नव्या तक्त्यात ते वरून खाली होते. कागद डावीकडे फिरवावा लागे, मग उजवा रकाना वर येई. महादेवरावांनी नेहमीसारखी वरून खाली यादी उतरवली, कागद सरळ केला आणि ती डावीकडून लावली. 'पिण्यास योग्य'च्या खुणेला 'बंद करावी' चिकटलं, 'बंद करावी'ला 'पिण्यास योग्य'. मधला 'औषध टाकले' तेवढा जागेवर राहिला.

"मधला पडताळला होता मी. जुळला होता!" महादेवराव पान चघळत म्हणाले. त्या थंडपणाची सहदेवला किळस आली.

त्यानं पाचही मथळे आपापल्या खुणेशी जुळवून नवा हुकूम टाइप केला. कारण लिहिलं: तक्त्याचे मथळे उलट क्रमाने वाचले गेले.

महादेवरावांनी कागद परत सरकवला. "टंकलेखनाची चूक, असं लिही. मंग सही."

"पन चूक माही नाही, साहेब."

"मंग राहू दे. सोमवारी पाहू."

सोमवारला तीन दिवस होते. बाकावर बसलेली चांगुणा पदरानं डोळे पुसत होती. सहदेवला त्या माणसाच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण त्यानं दुसरा कागद चढवला आणि साहेबांना हवं ते टाइप केलं. सही झाली. तो स्वतःच कागद घेऊन चांगुणेबरोबर एसटीत बसला.

"दादा, चूक कोनाची होती रे?" तिनं विचारलं.

"माही," सहदेव म्हणाला. "कागदावर सहीशिक्क्यानं तसंच लिहिलं हाये."